अभिरूप संसदेत उपाहारगृह विधेयक: विद्यार्थी मंत्र्याने कधी उठायचे, काय बोलायचे

शाळांच्या अभिरूप संसदेत एक दृश्य ठरलेले असते. मंत्री झालेला विद्यार्थी उठतो, "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" म्हणतो, जंक फूडच्या दुष्परिणामांवर पाच मिनिटे तळमळीने बोलतो आणि "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" म्हणून टाळ्यांत बसतो. भाषण चांगले झालेले असते, पण विधेयक मांडायचे राहून गेलेले असते. पुढे अध्यक्षांना मतदान कशावर घ्यायचे ते कळत नाही आणि परीक्षकांना गुण कशाला द्यायचे ते कळत नाही.

वक्तृत्व स्पर्धेत वक्ता एकदाच बोलतो. विधेयक मांडणारा मंत्री निदान चार वेळा उठतो आणि प्रत्येक वेळी त्याचे काम वेगळे असते. त्यांतल्या दोन वेळी तर एक-दोन वाक्यांपलीकडे बोलायचेच नसते. हा क्रम नीट बसावा म्हणून शाळेच्या उपाहारगृहातील खाद्यपदार्थांविषयीचे एक नमुना विधेयक घेऊन इथे पायऱ्या दिल्या आहेत.

## १. सदन आणि खाते आधी ठरवा

आपण कोणते सदन उभे करत आहोत, हे पहिल्याच बैठकीत ठरवा, कारण संबोधन त्यावर ठरते. लोकसभेत पीठासीन व्यक्ती 'अध्यक्ष' असते, राज्यसभेत 'सभापती'. महाराष्ट्रातही तसेच आहे: विधानसभेत अध्यक्ष, विधान परिषदेत सभापती. एकाच भाषणात अर्धा वेळ "अध्यक्ष महोदय" आणि अर्धा वेळ "सभापती महोदय" ऐकू आले, की दोन ठिकाणांहून उतरवून भाषण जोडले आहे हे लगेच कळते. या लेखात लोकसभा धरली आहे.

मग खाते. बहुतेक शाळा हे विधेयक शिक्षणमंत्र्यांकडे देतात. ते अगदीच चूक नाही, पण भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण आरोग्य मंत्रालयाखाली येते आणि आपले विधेयक त्याच विषयावर उभे आहे. म्हणून ते आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्र्यांनी मांडावे. शिक्षणमंत्र्याची भूमिका करणाऱ्याला चर्चेत पाठिंब्याचे छोटे भाषण द्या, म्हणजे तोही नाराज होत नाही.

सावधान: शाळेत मोफत मिळणारा पोषण आहार आणि पैसे देऊन विकत घ्यायचे उपाहारगृहातील पदार्थ हे दोन वेगळे विषय आहेत. खिचडीच्या दर्जाबद्दलची तक्रार या विधेयकात आली, की विरोधी बाकांवरून पहिला प्रश्न तिथेच येणार आणि मंत्र्याला उत्तर सापडणार नाही.

## २. भाषण लिहायला बसण्यापूर्वी विधेयक लिहा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. भाषण आधी लिहिले, की विधेयक म्हणजे त्याच भाषणाला क्रमांक घातलेला निबंध होतो. सात खंड पुरेत आणि ते एका पानावर बसावेत.

खंड १ – संक्षिप्त नाव, विस्तार व प्रारंभ: शालेय उपाहारगृह (सुरक्षित व संतुलित आहार) विधेयक. नावापुढे आपल्या कार्यक्रमाचे वर्ष घाला.
खंड २ – व्याख्या: 'उपाहारगृह', 'चालक' आणि 'मनाई असलेला पदार्थ'.
खंड ३ – मनाई: असे पदार्थ शाळेच्या आवारात विकू नयेत, त्यांची जाहिरातही करू नये.
खंड ४ – आहार समिती: मुख्याध्यापक, एक शिक्षक, दोन पालक, दोन विद्यार्थी. पदार्थांच्या यादीला समितीची लेखी संमती हवी. सदस्यांना मानधन नाही.
खंड ५ – फलक: रोजचे पदार्थ, किंमत आणि मुख्य घटक लिहिलेला फलक.
खंड ६ – शास्ती: पहिल्या वेळी लेखी समज, दुसऱ्या वेळी पाच हजार रुपयांपर्यंत दंड, तिसऱ्या वेळी कंत्राट रद्द.
खंड ७ – नियम करण्याचा अधिकार.

घोटाळा होतो तो खंड २ मध्ये. "वडापाव, समोसा, चिप्स आणि कोल्ड्रिंक यांस मनाई" असे लिहिले, की विरोधक विचारणार, "मग कचोरी चालेल का?" पदार्थांची नावे घेत बसण्याऐवजी गुणधर्माने व्याख्या करा: संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा सोडियम यांचे प्रमाण जास्त असलेला पदार्थ. प्राधिकरणाच्या नियमांचाही हाच मार्ग आहे. 'जास्त' म्हणजे किती, हे खंड ७ खालच्या नियमांवर सोडा. चिक्की आणि राजगिऱ्याच्या लाडवाबद्दल प्रश्न हमखास येतो, कारण दोन्हींत गूळ भरपूर असतो आणि दोन्ही 'पौष्टिक' म्हणून ओळखले जातात. त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवा.

खंड ४ मधले 'मानधन नाही' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. मानधन ठेवले तर खर्च भारताच्या संचित निधीतून होणार, मग विधेयकाला वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचा अंदाज देणारे निवेदन, जोडावे लागते आणि विचारार्थ घेण्यासाठी राष्ट्रपतींची शिफारसही लागते. शाळेच्या तासाभराच्या कार्यक्रमात ही कटकट ओढवून घेऊ नये.

विधेयकाच्या शेवटी 'उद्देश व कारणे' या मथळ्याखाली आठ-दहा ओळींचे निवेदन जोडा आणि खाली मंत्र्याची सही घ्या. भाषणाचा सांगाडा याच निवेदनातून निघतो.

तपासा: विधेयकाच्या प्रती विरोधी पक्षाच्या विद्यार्थ्यांना निदान दोन दिवस आधी मिळाल्या का? विधेयक न वाचता केलेला विरोध म्हणजे नुसता गोंगाट.

## ३. आधीपासून काय लागू आहे ते माहीत करून घ्या

"आपल्या देशात याबद्दल कोणताही कायदा नाही" हे वाक्य अशा भाषणांत सर्रास येते आणि ते चूक आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ मध्ये आला. त्याखाली शाळकरी मुलांच्या आहाराविषयीचे विनियम सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचित झाले आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाले. चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायला त्यांत मनाई आहे. महाराष्ट्र शासनाने तर मे २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतल्या जंक फूडला मनाई केली होती.

मग नव्या विधेयकाची गरज काय? तयारी केलेला कोणताही विरोधी पक्षनेता हाच प्रश्न विचारेल. उत्तर दोन खंडांत आहे. पदार्थांची यादी कोणी मंजूर केली हे खंड ४ मुळे लेखी राहते, आणि काय खातो आहोत हे खंड ५ मुळे मुलांना रोज दिसते. मंत्र्याच्या भाषणाचा भर या दोन खंडांवर हवा. बर्गर वाईट असतो हे सभागृहाला पटवून देण्यात वेळ घालवू नये. त्याला विरोध कोणीच करत नसते.

## ४. संबोधनाचे नियम अंगवळणी पाडा

बोलायचे ते फक्त अध्यक्षांना. शेजारच्या मंत्र्याशी, समोरच्या विरोधकाशी किंवा प्रेक्षकांतल्या मुख्याध्यापकांशी मंत्री थेट बोलत नाही. 'तुम्ही' हा शब्द अध्यक्षांसाठीही नको. त्यांना 'आपण' म्हणायचे. इतर सगळे तृतीय पुरुषी: "सन्माननीय सदस्यांनी विचारले", "माननीय विरोधी पक्षनेत्यांचा आक्षेप असा आहे".

अध्यक्षपदी मुलगी असेल तर "अध्यक्ष महोदया". मंत्री मुलगी असेल तर क्रियापदे "मांडते, विनंती करते". मुलासाठी लिहिलेली संहिता मुलीच्या हातात दिली जाते आणि ती सभागृहात "मी प्रस्ताव मांडतो" म्हणून जाते, असे अनेकदा घडते. हे वाचून कळत नाही, मोठ्याने म्हटल्यावरच कानाला खटकते.

वर्गात ज्या मुलाला 'पक्या' म्हणतात, त्याला सभागृहात "सन्माननीय सदस्य" म्हणताना हसू फुटते. यावर उपाय एकच: तालमीच्या पहिल्या दिवसापासून सरावातही तीच संबोधने वापरा.

कडक शब्द सौम्य करायलाही शिका. "विरोधी पक्षनेते खोटे बोलत आहेत" हे असंसदीय ठरते आणि कामकाजातून काढले जाऊ शकते. त्याऐवजी "सन्माननीय सदस्यांचे विधान वस्तुस्थितीला धरून नाही" असे म्हणावे. कोणत्याही खऱ्या कंपनीचे किंवा दुकानदाराचे नाव घेऊ नये. जो सभागृहात नाही, त्याला उत्तर देता येत नाही.

सावधान: अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने, मंत्री असला तरी, वाक्य अर्धवट सोडून खाली बसायचे असते. वक्तृत्वात तरबेज मुलांना हे सर्वांत जड जाते, म्हणून तालमीत अध्यक्षांना मुद्दाम मध्येच उभे राहायला सांगा.

## ५. पहिले उठणे: पुरःस्थापना

पुरःस्थापना म्हणजे विधेयक सभागृहात दाखल करणे. अध्यक्ष मंत्र्याचे नाव पुकारतात. मंत्री उठतो आणि म्हणतो:

"अध्यक्ष महोदय, शाळांच्या उपाहारगृहांत सुरक्षित व संतुलित आहार मिळावा यासाठी आणि तत्संबंधित बाबींसाठी तरतूद करणारे विधेयक पुरःस्थापित करण्यास अनुमती द्यावी, असा प्रस्ताव मी मांडतो."

आणि बसतो. अध्यक्ष प्रस्ताव सभागृहापुढे ठेवतात, अनुकूल असणारे 'होय' म्हणतात, प्रतिकूल असणारे 'नाही'. अनुमती मिळाली की मंत्री पुन्हा उठून म्हणतो, "अध्यक्ष महोदय, मी विधेयक पुरःस्थापित करतो."

इथे भाषण नाही. साखर, लठ्ठपणा, देशाचे भवितव्य यांतले काहीही नाही. कोणी विरोध केलाच, तर तो विधेयक मांडूच नये एवढ्यापुरता असतो. उदाहरणार्थ, सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय असल्याने संसदेला हा अधिकार नाही, असा आक्षेप येऊ शकतो. त्याचे उत्तर दोन वाक्यांत द्या: शिक्षण आणि अन्नातील भेसळ हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत, आणि आजचा अन्न सुरक्षा अधिनियमही संसदेनेच केलेला आहे.

## ६. दुसरे उठणे: विचारार्थ प्रस्ताव आणि मुख्य भाषण

खऱ्या लोकसभेत या दोन टप्प्यांत बरेचदा काही दिवस जातात. शाळेत अध्यक्षांनी "आता विधेयकावरील चर्चा" असे जाहीर करून मधली फट भरावी.

चार मिनिटांचे भाषण असेल तर साडेचारशे शब्दांपुढे जाऊ नका, कारण सभागृहात सावकाश बोलायचे असते. क्रम असा ठेवा: प्रस्ताव, अडचण, आजची तरतूद, आपले खंड, आणि शेवटी विनंती. अडचण मांडायला इंटरनेटवरचे मोठमोठे आकडे नकोत. आपल्याच शाळेत मधल्या सुट्टीत उपाहारगृहाजवळ उभे राहून पहिल्या शंभर विद्यार्थ्यांनी काय घेतले ते लिहा. तीन वेगळ्या दिवशी लिहा, कारण पावसाळी दिवशी भज्यांचा खप वाढतो आणि चित्र फसवे दिसते. तो आकडा कोणी खोडून काढू शकत नाही, कारण मोजणारे तुम्हीच असता.

नमुना असा (यातले नोंदीचे आकडे जागा दाखवण्यापुरते आहेत, तिथे आपले घाला):

"अध्यक्ष महोदय, शालेय उपाहारगृह विधेयक विचारात घेण्यात यावे, असा प्रस्ताव मी मांडतो.

अध्यक्ष महोदय, एका शाळेच्या उपाहारगृहात मधल्या सुट्टीत आलेल्या शंभर विद्यार्थ्यांची नोंद आम्ही घेतली. त्यांपैकी साठ जणांनी तळलेला पदार्थ किंवा पाकीटबंद खाऊ घेतला. पोहे-उपमा घेणारे बारा होते. मात्र पोहे सुट्टीच्या पहिल्या पाच मिनिटांतच संपले होते, हेही मी सभागृहाच्या निदर्शनास आणू इच्छितो. मुलांनी काय निवडले, याआधी त्यांच्यापुढे काय ठेवले होते, हे पाहिले पाहिजे.

यासंबंधी विनियम आजही आहेत. परंतु त्या उपाहारगृहातील पदार्थांची यादी कोणी मंजूर केली, असे विचारले असता तसा कागद कोणाकडेच नव्हता. म्हणून या विधेयकाच्या खंड ४ अन्वये प्रत्येक शाळेत आहार समिती असेल, आणि तिच्या लेखी संमतीशिवाय कोणताही पदार्थ यादीत येणार नाही. या समितीत दोन विद्यार्थी असतील. खंड ५ अन्वये पदार्थ, किंमत आणि मुख्य घटक दर्शनी फलकावर लिहावे लागतील.

खंड ६ मधील शास्तीबाबत काही सन्माननीय सदस्यांना चिंता वाटत असेल. उपाहारगृह चालवणारी व्यक्ती अनेकदा एखादे लहान कुटुंब असते, याची शासनाला जाणीव आहे. म्हणून पहिल्या वेळी केवळ लेखी समज देण्याची तरतूद आहे.

अध्यक्ष महोदय, सभागृहाने या विधेयकाचा विचार करावा, अशी मी आपल्यामार्फत विनंती करतो."

शेवटी "जय हिंद, जय महाराष्ट्र" नाही आणि कविताही नाही. विनंती केली की बसायचे. पोहे लवकर संपल्याची नोंद भाषणात का घेतली, हेही लक्षात घ्या. ती मंत्र्याच्या बाजूने पुरती नाही, पण ती सांगितल्यामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

तपासा: भाषणातल्या प्रत्येक दाव्यापुढे पेन्सिलीने खंडाचा क्रमांक लिहा. ज्या वाक्यापुढे क्रमांक लिहिता येत नाही आणि जे अडचणीचे वर्णनही नाही, ते खोडा.

## ७. तिसरे उठणे: चर्चेला उत्तर

हे पाठ करता येत नाही, म्हणूनच परीक्षक इथे कान टवकारतात. चर्चा चालू असताना मंत्र्याने लिहून घ्यायचे: सदस्य कोण, आक्षेप काय, खंड कोणता. आठ जण बोलले तरी आक्षेप साधारण तीनच असतात. ते एकत्र बांधून उत्तर द्या, प्रत्येकाला वेगळे नको.

एक, "नियम असताना कायदा कशाला?" याचे उत्तर तिसऱ्या पायरीत आहे. दोन, "सकस पदार्थ महाग पडतील, गरीब मुलाने काय करायचे?" इथे गोलगोल बोलू नका. विधेयकात अनुदान नाही, हे सरळ मान्य करा आणि मग सांगा की यादीबरोबर किंमतही समितीपुढे येईल, म्हणजे पालकांना तिथे बोलता येईल. तीन, "विधेयक प्रवर समितीकडे पाठवा." म्हणजे आधी सदस्यांच्या एका छोट्या समितीकडून ते तपासून घ्या. ही खरी संसदीय मागणी आहे, ती ऐकून मंत्री गोंधळतो, कारण तालमीत ती कोणी केलेलीच नसते. उत्तर साधे: "अध्यक्ष महोदय, तपशील ठरवण्यास खंड ७ खालील नियमांत वाव आहे. म्हणून सन्माननीय सदस्यांनी आपला आग्रह मागे घ्यावा, अशी मी विनंती करतो."

आणि चिक्की? "अध्यक्ष महोदय, चिक्कीतील गूळ सन्माननीय सदस्यांनी निदर्शनास आणला, त्याबद्दल मी आभारी आहे. प्रमाणाची मर्यादा सर्व पदार्थांना सारखीच लागू होईल. चिक्कीला वेगळी सवलत नाही." सभागृह हसेल. हसू द्या, स्वतः हसू नका.

उत्तरानंतर अध्यक्ष विचारार्थ प्रस्ताव मताला टाकतात. तो संमत झाला म्हणजे विधेयक संमत झाले, असे समजून टाळ्या वाजवणारे वर्ग पुष्कळ आहेत. अजून खंड बाकी आहेत.

## ८. खंडांवरील मतदान आणि चौथे उठणे

खंड सभागृहापुढे ठेवायचे काम अध्यक्षांचे आहे, मंत्र्याचे नाही. सुरुवात खंड २ पासून होते. खंड १, अधिनियमन सूत्र (कायदा केला जात आहे असे सांगणारे सुरुवातीचे वाक्य) आणि विधेयकाचे पूर्ण नाव सर्वांत शेवटी घेतात, कारण मधल्या खंडांत बदल झाला तर नाव-प्रारंभातही बदल करावा लागू शकतो. वेळ कमी असेल तर दुरुस्ती नसलेले खंड एकत्र मताला टाकता येतात.

एखाद-दुसरी दुरुस्ती आधीच ठरवून ठेवा. उदाहरणार्थ, खंड ४ मधील विद्यार्थी दोनऐवजी तीन असावेत, आणि त्यांत एक तरी मुलगी असावी. मंत्र्याला ती मान्य असेल तर "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांची दुरुस्ती मी स्वीकारतो" एवढेच म्हणायचे. मान्य नसेल तर कारण एका वाक्यात सांगायचे. मंत्र्याने स्वीकारली तरी दुरुस्तीवर मत घ्यावेच लागते; ती आपोआप विधेयकात जात नाही.

खंड संपले की मंत्री शेवटचा उठतो: "अध्यक्ष महोदय, विधेयक संमत करण्यात यावे, असा प्रस्ताव मी मांडतो." खंड ४ मधील दुरुस्ती सभागृहाने मान्य केली असेल तर मात्र हे वाक्य बदलते: "विधेयक, सुधारणा केल्याप्रमाणे, संमत करण्यात यावे." मंत्र्याच्या कागदावर ही दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून ठेवा आणि दुरुस्तीवरचे मतदान झाल्याबरोबर त्यांतले एक खोडून टाका.